तीन लोगोंपैकी कुठला पुढे न्यायचा? आणि "का" हे कसं सांगायचं?

मागच्या व्हिडिओत डिझायनरला ब्रीफ कसं द्यायचं ते पाहिलं. आता त्याने तीन कन्सेप्ट पाठवलेत. तुम्ही ते फॅमिली ग्रुपवर टाकता, "कुठला आवडला?" विचारता आणि दहा जणांची दहा मतं येतात. मीही माझ्या दुकानाच्या वेळी हेच केलं होतं. मोबाईलवर भारी दिसणारा बारीक रेषांचा लोगो निवडला आणि रबर स्टॅम्प बनवला, तर बिलावर नुसता शाईचा डाग उठायचा. म्हणून आवड थोडी बाजूला ठेवा आणि लोगो कुठे लागणार तिथेच तो तपासा.

माझ्या बॅचमधल्या एका ताईंचं उदाहरण घेऊ. घरगुती कांदा-लसूण मसाला, १०० आणि २०० ग्रॅमचे पुडे, विक्री गावातल्या किराणा दुकानांतून. त्यांच्याकडे तीन कन्सेप्ट आले. 'अ' मध्ये पाट्या-वरवंट्यावर मसाला वाटणारी नऊवारीतली बाई. 'ब' मध्ये गोलात नावाचं फक्त पहिलं अक्षर. 'क' मध्ये ठळक देवनागरीत पूर्ण नाव, आणि वरची शिरोरेखा पुढे जाऊन तिची मिरची झालेली.

घरात सगळ्यांना 'अ' आवडला. ताईंनाही, कारण त्यात त्यांना आपली आजी दिसली.

मी म्हटलं, आधी तिन्ही घरच्या प्रिंटरवर काढा. फक्त काळ्या रंगात आणि पुड्यावर जेवढा बसेल तेवढाच, म्हणजे साधारण २ सेंटिमीटर रुंद. काळा का? कारण स्टॅम्प आणि बिल एकरंगीच असतं. शिवाय स्क्रीन प्रिंटिंगमध्ये प्रत्येक रंगाला वेगळी स्क्रीन लागते, म्हणजे रंग वाढला की खर्च वाढला. एका रंगात जो टिकत नाही तो रंगांच्या जिवावर उभा आहे, असं समजा.

'अ' इथेच अडकला. बाईचा चेहरा आणि हात मिळून एक काळा गोळा झाला. 'ब' आणि 'क' स्वच्छ उठले.

मग हे कागद पुड्यांवर चिकटवून ओळखीच्या दुकानात, इतर मसाल्यांच्या रांगेत ठेवले आणि पाच-सहा फुटांवरून पाहिलं. 'ब' दिसत होता, पण नाव कळत नव्हतं. नुसतं अक्षर मोठ्या, आधीच ओळखीच्या ब्रँडला चालतं. नवीन माणसाला गिऱ्हाईकाने दुकानदाराकडे नाव घेऊन माल मागायला हवा असतो. "तो लाल पुडा द्या" म्हटलं तर दुकानदार कुठलाही लाल पुडा देईल! 'क' मात्र लांबूनही वाचता आला.

म्हणजे 'क' जिंकला? थांबा. त्याचीही उलटतपासणी करा. काळ्या रंगात मिरची ओळखू येत नव्हती, नुसती वाकडी शेपटी वाटत होती. दुसरं, मसाल्यावर मिरची कोणीही काढतो, त्यामुळे ट्रेडमार्क करताना (मसाले क्लास ३० मध्ये येतात) खरा भार नावावरच राहणार. आणि तिसरं ताईंनी स्वतःच सांगितलं, "सर, दिवाळीला पापड पण काढायचेत." पापडावर मिरची कशाला?

म्हणून 'क' पुढे न्यायचा, पण मिरची सुटी करायची असं ठरलं. नाव एकटं उभं राहिलं पाहिजे, मिरची फक्त मसाल्याच्या पुड्यावर. व्हॉट्सअॅपच्या गोल डीपीसाठी 'क' मधलंच पहिलं अक्षर घ्यायचं. "अ ची बाई आणि क चं नाव जोडून द्या" असं डिझायनरला सांगू नका. ती खिचडी होते, आणि बाई लहान आकारात तशीच अडकते.

आता कारण लिहून काढा. ताईंनी लिहिलं ते असं:

"आमचा माल किराणा दुकानात इतर पुड्यांमध्ये विकला जातो, म्हणून नाव लांबून वाचता येणं पहिलं. 'क' २ सेंटिमीटरला, एका रंगात आणि रॅकवर वाचता आला. 'अ' लहान आकारात फिसकटतो. 'ब' मधून नाव कळत नाही. 'क' ची कमजोरी मिरची आहे, ती सुटी करून द्यावी."

यात "छान", "मॉडर्न" असा एकही शब्द नाही. डिझायनरला नेमकं काय बदलायचं ते कळतं. घरातले "बाईच बरी होती" म्हणाले, तर ताईंनी वाद न घालता तो प्रिंट समोर ठेवला. (सासूबाई तरी थोड्या नाराज आहेतच. आजीचं चित्र आता पुड्याच्या मागच्या बाजूला, मोठ्या आकारात येणार आहे.)

एक लक्षात असू द्या, कमजोरीचं वाक्य गाळू नका. तुमच्या चिठ्ठीत निवडलेल्या लोगोचा एकही दोष नसेल, तर तुम्ही आधी निवड केली आणि कारणं नंतर शोधली, असं मी धरतो. आणि चिठ्ठी पाठवण्याआधी कोटेशनमध्ये किती वेळा बदल धरलेत ते बघा. दोनच असतील तर सगळे बदल एकाच मेसेजमध्ये द्या.