लोहाराचं आणि आहाराचं नातं काय?

प्रश्न : माझ्या सहावीतल्या मुलीला शाळेतून ‘हार’ने संपणारे शब्द जमवायला सांगितले होते. घरी सगळ्यांनी मिळून आठ शब्द काढले : आहार, विहार, प्रहार, संहार, उपहार, व्यवहार, लोहार, बहार. हे सगळे एकाच कुळातले का? आणि ‘उपहारगृह’ बरोबर की ‘उपाहारगृह’?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आठांपैकी सहा सख्खे आहेत आणि दोन नुसतेच तोंडावळ्याने सारखे. ओळखायची सोपी खूण अशी : ‘हार’ बाजूला केल्यावर पुढे जे उरतं, ते दुसऱ्या शब्दांनाही उपसर्ग म्हणून लागतं का, ते पाहायचं. आ, वि, प्र, सम् आणि उप हे आगमन, विजय, प्रगती, संगम आणि उपवन या शब्दांतही भेटतात. ‘लो’ आणि ‘ब’ मात्र असे कुठे भेटत नाहीत. लोहार हा मुळात ‘लोहकार’. त्यातला ‘क’ झिजून गेला. त्याचं घर कुंभकारापासून झालेल्या कुंभाराचं. बहार तर फारसीतून आलेला वसंत ऋतू.

उरलेल्या सहांचं मूळ संस्कृत ‘हृ’ धातू. त्याचा अर्थ नेणं, हिरावणं. उपसर्ग लागला की हे ‘नेणं’ दिशा बदलतं. ‘आ’ म्हणजे आपल्याकडे, म्हणून आत घेतलेलं ते आहार. ‘उप’ म्हणजे जवळ, म्हणून कुणापाशी नेलेली भेट तो उपहार. ‘सम्’ने सगळं एकत्र आवरून घेतलं की संहार. व्यवहारात तर वि आणि अव असे दोन उपसर्ग आहेत. पण अशी फोड दरवेळी अर्थापर्यंत पोचवेलच असं नाही. प्र म्हणजे पुढे. पण ‘पुढे नेणं’ एवढ्यावरून प्रहार म्हणजे घाव, हे कुणाला सुचणार? उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडे ओढून नेतो, असं जुने वैयाकरणही म्हणत आणि उदाहरणं म्हणून नेमके हेच ‘हार’वाले शब्द देत.

आता मुलीला वहीत एक तक्ता आखायला सांगा. उभ्या बाजूला उपसर्ग, आडव्या बाजूला प्रत्यय लागून झालेली हृ धातूची रूपं : हार, हरण, हृत, हार्य. ‘अप’च्या ओळीत अपहार, अपहरण, अपहृत मिळतील. ‘परि’च्या ओळीत परिहार आणि परिहार्य. परिहार म्हणजे टाळणं. ‘हार्य’मधल्या प्रत्ययाने ‘करता येण्याजोगं’ हा अर्थ आणला. पुढे नकाराचा ‘अ’ लावला की अपरिहार्य, म्हणजे टाळता न येणारं.

‘आ’च्या ओळीत गंमत आहे. आहार ताटात असतो, तर आहरण कोषागारात. सरकारी कचेरीतल्या ‘आहरण व संवितरण अधिकाऱ्या’चं पदनाम आठवा, तिथे आहरण म्हणजे पैसे काढणं. उपसर्ग तोच, धातू तोच, फक्त प्रत्यय बदलला आणि रूढीने दोघांना वेगवेगळी कामं नेमून दिली. तक्त्यातली काही घरं रिकामी राहतील. ती ओढूनताणून भरू नका. व्याकरणाने शब्द घडू शकतो म्हणून तो मराठीत चालतोच असं नाही.

व्यवहाराला ‘इक’ लावताना एक चूक हमखास होते. या प्रत्ययाने शब्दाचा पहिला स्वर वाढतो : समाज–सामाजिक, दिन–दैनिक. त्याच न्यायाने व्यावहारिक. ‘व्यवहारिक’ लिहिलेलं जागोजागी दिसतं, पण ते चूक.

काही भावंडं वेश बदलून बसलेली असतात, ती ‘हार’ शोधून सापडत नाहीत. उद् + हार याचा संधी होऊन उद्धार झाला आणि ‘ह’ दिसेनासा झाला. फलाहार झिजत झिजत आपल्या दिवाळीच्या ताटात फराळ होऊन आला. उलट ‘उद्धत’ हा उद्धाराच्या शेजारी शोभला, तरी तो हन् म्हणजे मारणं या धातूचा. शंका आली, तर कृ. पां. कुलकर्णींचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ उघडावा.

राहिलं उपाहारगृह. उप + हार म्हणजे भेट, हे वर आलंच. उप + आहार म्हणजे मुख्य जेवणाशेजारचं छोटं खाणं, म्हणजेच उपाहार. जिथे मिसळ मिळते ते उपाहारगृह. पाटीवर ‘उपहारगृह’ लिहिलं असेल, तर एका ‘आ’च्या चुकीमुळे ते भेटवस्तूंचं दुकान होतं, खाण्याचं बिल मात्र तरीही द्यावं लागतं.