मोसंबं, सुई आणि २१ जून

टेबलावर घ्या: एक मोसंबं, विणायची लांब सुई, कणकेचा गोळा, स्केचपेन, पट्टी आणि छत्री काढलेला टेबललॅम्प.

१. मोसंब्याच्या देठातून सुई खुपसून सरळ तळातून बाहेर काढा. घाई केलीत तर सुई तिरकी जाते आणि मोसंबं पुढे डुगडुगतं.

२. मोसंब्याच्या बरोबर मध्यावर आडवी रेघ काढा. हे विषुववृत्त.

३. या रेघेपासून देठापर्यंतच्या वाटेवर, अर्ध्याच्या किंचित वर, दुसरी गोल रेघ काढा. ही लंडनची. पुण्याची रेघही चालेल, पण तिथे वर्षभरात दिवस जेमतेम सवादोन तासांनी लहानमोठा होतो, तेवढा फरक डोळ्यांना पटकन दिसत नाही.

४. सुईचं खालचं टोक कणकेत रोवा.

५. सुई साडेतेवीस अंश कलवा. कोनमापक नसेल तर घड्याळ बघा: बारापासून चार मिनिटांपुढे गेलेला काटा जितका कललेला दिसतो, जवळपास तितकी.

६. दिवा टेबलाच्या मध्यावर, बल्ब मोसंब्याच्या उंचीला येईल असा ठेवा. बल्ब वर राहिला तर सगळंच चुकीचं दिसेल.

७. खोलीतला बाकीचा उजेड बंद करा.

८. दिव्यापासून अर्ध्या मीटरवर, दिव्याच्या पलीकडे खिडकी येईल अशा बाजूला मोसंबं ठेवा आणि सुईचं वरचं टोक खिडकीकडे झुकवा. ते आपोआप दिव्याकडेही झुकलंय ना? हा २१ जूनचा अयनदिन. लंडनची बहुतेक रेघ उजेडात आहे. तिथे दिवस साडेसोळा तासांचा.

९. आता वरून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोसंबं पाव फेरा सरकवा. जवळजवळ प्रत्येकजण इथेच चुकतो! सुई दिव्याकडे वळवू नका. टोक खिडकीच्याच दिशेला राहू द्या. आता ते ना दिव्याकडे, ना दिव्यापासून लांब. उजेड-अंधाराची सीमा दोन्ही टोकांतून जाते आणि प्रत्येक रेघ अर्धी उजळते. हा २२-२३ सप्टेंबरचा संपात.

१०. आणखी पाव फेरा. टोक दिव्यापासून लांब झुकलं, लंडनची रेघ बहुतेक अंधारात गेली. हा २१-२२ डिसेंबर, दुसरा अयनदिन. लंडनला आठ तासांचाही दिवस नाही. शिवाय उजेड तिथे तिरका पडून पसरतो, म्हणून ऊब कमी.

११. इथेच थांबून मोसंबं दिव्याकडे दीड सेंटिमीटर सरकवा. पृथ्वी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सूर्याच्या सर्वांत जवळ असते, जुलैपेक्षा सुमारे ५० लाख किलोमीटरने. आपल्या टेबलावर ते अंतर एवढंच! लंडनची रेघ पाहा: अंधारातली अंधारातच राहिली. खालच्या अर्ध्यावर मात्र भरपूर उजेड आहे. सिडनीत तेव्हा उन्हाळा असतो. अंतरामुळे ऋतू होत असते, तर दोन्ही अर्धे एकदमच तापले असते.

१२. शेवटचा पाव फेरा घ्या: २०-२१ मार्च, पुन्हा संपात.

१३. पुण्यात असाल तर २१ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीवर एक मीटरची काठी उभी धरा. काठी तिरकी झाली तर माप फसतं. सावली उत्तरेला सुमारे ९० सेंटिमीटर भरेल. २१ जूनला ढगांनी वाट दिली, तर तीच सावली जेमतेम ९ सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेला.