७० अक्षरांत गिरणीची सूचना : पाटीवर काय, एसएमएसमध्ये काय

व्हिडिओत आपण पाटी लिहून दाखवली होती. तिथे वेळेअभावी राहिलेली मोजणी इथे नीट करू, कारण खरी गंमत मोजणीतच आहे.

समजा, नातेपुत्याच्या पेठेत तुमची पिठाची गिरणी आहे. दगडांना टाकी लावायची आहे, मोटारचंही काम आहे, म्हणून तीन दिवस गिरणी बंद. गिऱ्हाईक फक्त गल्लीतलं नाही. फोंडशिरसकडून, वाड्या-वस्त्यांवरून माणसं बाजाराला येताना दळणाचा डबा ठेवतात आणि दुसऱ्या फेरीला नेतात. एखाद्याचा डबा कुलपात अडकला तर त्या घरात तीन दिवस भाकरीचं पीठ नाही, वर पेट्रोल घालून मारलेला हेलपाटा वेगळा. आणि आपण सूचना लिहितो ती अशी :

"सर्व ग्राहक बंधू-भगिनींना नम्रपणे कळविण्यात येते की, आपल्या गिरणीच्या दगडांना टाकी लावण्याचे व मोटारच्या दुरुस्तीचे काम काढले असल्यामुळे मंगळवार दिनांक १२ ते गुरुवार दिनांक १४ पर्यंत गिरणी पूर्णपणे बंद राहील. तरी ज्या ग्राहकांचे डबे गिरणीत आहेत त्यांनी ते सोमवारी संध्याकाळी सात वाजेपर्यंत घेऊन जावेत ही विनंती. शुक्रवारपासून गिरणी नेहमीप्रमाणे सुरू होईल. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

कापाकापी करायच्या आधी पेन्सिल घ्या आणि ज्या शब्दामुळे गिऱ्हाईक काहीतरी वेगळं करणार आहे, फक्त त्याच्याखाली रेघ ओढा. बंद कधी, डबा कधीपर्यंत न्यायचा, परत सुरू कधी. संपलं. टाकी आणि मोटार ही तुमची अडचण आहे, त्याने गिऱ्हाइकाची फेरी वाचत नाही. पण रेघा ओढताना एक गोष्ट लक्षात येईल. इतक्या लांबलचक सूचनेत महिनाच नाही, आणि गिरणी कोणती तेही नाही! गिरणीच्या दारावर नाव नसलं तरी चालतं. फोनवर मात्र अनोळखी नंबरवरून "आपली गिरणी" बंद असल्याचं आलं, तर माणूस विचारणार, कुठली? म्हणजे इथे काही गोष्टी काढायच्या आहेत आणि दोन घालायच्याही आहेत.

आता मर्यादेचं बघू. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरांना कमी जागा लागते, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीला प्रत्येकी दोन बाइट लागतात, म्हणून फक्त ७०. शिवाय इथे "अक्षर" म्हणजे आपण शाळेत मोजतो ते नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, रिकामी जागा, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "डबे" हे तीन होतात. "न्या" दिसायला एक अक्षर, मोजणीत चार. "संध्याकाळी" हा शब्द एकटाच दहा खातो. मेसेज ७० च्या वर गेला की त्याचे तुकडे पडतात आणि जोडणीची माहिती घालावी लागत असल्यामुळे प्रत्येक तुकड्यात ६७ च उरतात. फोनवर तो जोडून एकच दिसतो, पण हिशेब दोन मेसेजचा लागतो.

पहिल्या फेरीत फक्त पाल्हाळ काढला आणि राहिलेलं घातलं तर असं होतं :

"पेठेतली गिरणी १२ ते १४ मे बंद राहील. डबे सोमवारी ११ तारखेला संध्याकाळी ७ पर्यंत घेऊन जावेत. १५ तारखेला सुरू"

वाचायला छान आहे. मोजले तर १०७, म्हणजे दोन मेसेज. अजून ३७ कमी करायचे, पण माहिती एकही कमी करायची नाही. "घेऊन जावेत" ऐवजी "न्या" केलं की सहा वाचले. "संध्याकाळी" चं "सायं" केलं, सहा. "राहील" आणि त्याच्या आधीची मोकळी जागा, सहा. पहिलं "तारखेला" जागेसकट गेलं, आठ. दुसऱ्याचं "ला" केलं, पाच. "सोमवारी" चं "सोम." केलं, तीन. " ते " काढून मध्ये आडवी रेघ दिली, तीन. बेरीज बरोबर ३७ :

"पेठेतली गिरणी १२-१४ मे बंद. डबे सोम. ११ सायं ७ पर्यंत न्या. १५ ला सुरू"

हे ७० झालं. शेवटी पूर्णविराम टाकला तरी ७१ होईल, म्हणून तो दिलेला नाही. "न्या" हे मोठ्या माणसांना तुटक वाटेल, असं काही जण म्हणतील. मला नाही वाटत. आपल्याकडे दुकानदार समोरच्याला "घ्या", "न्या", "बसा" असंच आदराने म्हणतो.

आता कोणी म्हणेल, १२-१४ बंद म्हटल्यावर १५ ला सुरू हे कळतंच, कशाला ठेवायचं? ते मात्र काढू नका. "१४ पर्यंत बंद" याचा अर्थ काही लोक १४ ला उघडणार असा घेतात, काही १५ ला. दोन्ही टोकं लिहिली की वाद उरत नाही. सोमवारचा वारही याच कारणासाठी ठेवला, कारण घरात तारखेपेक्षा वार लक्षात राहतो. आणि जागा वाचवायला "११ सायं" ऐवजी "उद्या" कधीच टाकू नका. मेसेज रात्री पाठवला आणि समोरच्याने सकाळी उघडला की उद्याचा परवा झाला.

रोमन लिपीत मराठी लिहून १६० मिळवता येतात, हे खरं. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ते वाचायला दुसऱ्याला हाक मारावी लागते. शिवाय रोमन मजकुरात एखादा इमोजी किंवा ₹ ही खूण पडली की पूर्ण मेसेजच ७० च्या मोजमापात जातो. रक्कम लिहायची असेल तर इंग्रजीत Rs लिहा. बऱ्याच रिचार्ज प्लॅनमध्ये दिवसाला १०० एसएमएस मिळतात, गिरणीला तेवढे पुरतात. कंपनीकडून घाऊक मेसेज पाठवायचे असतील तर आधी डीएलटी पोर्टलवर धंद्याची आणि मजकुराच्या साच्याचीही नोंदणी लागते, म्हणजे तिथे ऐनवेळी शब्द बदलता येत नाहीत. तिथे साचा आधीच आखूड करून ठेवावा.

दारावरच्या पाटीसाठी हाच एसएमएस जसाच्या तसा उतरवू नका. पाटीवर गिरणीचं नाव नको, ती गिरणीवरच टांगलेली आहे. पण फोन नंबर हवा, जो एसएमएसमध्ये आपोआप जातो. आणि तिथे मोजमाप अक्षरांच्या संख्येचं नसून उंचीचं असतं. साधारण दहा फुटांवरून सहज वाचायला इंचभर उंचीचं अक्षर लागतं, आणि मराठीत वर मात्रा, खाली उकार यांना जागा वेगळी. दीड फुटाच्या पाटीवर तीन-चार ओळीच धड बसतात. पहिल्या ओळीत सगळ्यात मोठं "१२ ते १४ मे बंद", दुसरीत "डबे सोम. ११, सायं. ७ पर्यंत न्या", तिसरीत "शुक्र. १५ ला सुरू", चौथीत फोन.

टांगण्याआधी ज्याला काही माहीत नाही अशा एकाला वाचायला द्या आणि विचारा, "शेवटचा डबा कधी न्यायचा? पुढचा कधी आणायचा?" उत्तर देताना तो पाटीकडे दुसऱ्यांदा बघत असेल तर कोणती ओळ अडते ते तिथेच कळतं. सोमवारी सात वाजता कुलूप लावताना डब्याची ओळ पुसून टाका, कारण मंगळवारी ती वाचणाऱ्याला काही उपयोगाची नाही. त्या जागी फोन नंबर मोठा करून लिहा. कुलपाआड डबा राहिलेला माणूस तेवढाच शोधत येणार आहे.