वेल्डिंग पाहिलं सांजेला, डोळे भाजले रात्री

मानोऱ्यात ट्रॉली वेल्डिंगला टाकली की बाया-पोरं तिथंच उभी राहतात. त्या उजेडातले अतिनील किरण दिसत नाहीत, पण बुबुळाचा वरचा पातळ थर भाजतात. दुखणं मात्र काही तासांनी येतं. सांजेला पाहिलं, तर मध्यरात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, पाणी वाहतं, दिवा सहन होत नाही.

ताई, अशा वेळी डोळे चोळू नका. अंधारात पडून मिटल्या डोळ्यांवर गार पाण्याची स्वच्छ पट्टी ठेवा. दूध-तूप घालू नका. बधिर करणारे थेंब तर मुळीच नको. दुखणं दबतं, जखम भरत नाही. बहुधा दोन दिवसांत बरं होतं. नजर अंधूक झाली किंवा लोखंडाचा कण गेला, तर लगेच डोळ्यांचा डॉक्टर गाठा.

दुकानदाराला आडोसा करायला सांगा: डोक्याहून उंच पत्रा, आतून काळपट रंगवलेला. चकचकीत पत्र्यावरून किरण उलटून येतात.