व्यावहारिक मराठी : बँक-तपशिलाच्या संदेशाचे लेखन

उद्दिष्ट

या उपघटकाच्या अभ्यासानंतर खात्यावर रक्कम मागवणारा संदेश एकाच अर्थाने वाचला जाईल असा लिहिणे आपणांस शक्य होईल.

प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, ‘पावसाळ्यात नदिला पूर येतो’ या वाक्यातील चूक आपल्या वाचनात अडथळा आणत नाही. आजूबाजूचे शब्द मूळ शब्द सुचवतात. भाषेत एकच माहिती अनेक खुणांनी व्यक्त होत असते. या गुणास भाषाविज्ञानात अतिरिक्तता म्हणतात. खाते क्रमांकात ती वाचकाच्या हाती जवळजवळ नसते. एक अंक बदलला, तरी शेजारचे अंक ती चूक उघड करीत नाहीत. म्हणून लेखकाने अशा संदेशात अतिरिक्तता जाणीवपूर्वक आणावी लागते.

विवेचन

पुढील कल्पित संदेश पाहा. एका वाचक मंडळाने दिवाळी अंकातील जाहिरातीची रक्कम मागवली आहे :

‘जाहिरातीचे पैसे खात्यात भरावेत. खाते क्र. ३०१४००००७१९. आयएफएससी ABCDO120051. नाव मंडळाचेच आहे.’

व्याकरणदृष्ट्या यात दोष नाही, परंतु तीन ठिकाणी चूक संभवते.

पहिले ठिकाण खाते क्रमांकाचे. देवनागरी ‘४’ हा इंग्रजी 8 सारखा आणि ‘१’ हा 9 सारखा दिसतो. बँकेच्या संगणकावर क्रमांक इंग्रजी अंकांत भरावा लागतो. घाईत लिप्यंतर करणारा येथे फसतो. सलग चार शून्येही मोजताना चुकतात. म्हणून क्रमांक इंग्रजी अंकांत, गट पाडून लिहावा आणि एकूण अंकसंख्या शब्दांत द्यावी.

दुसरे ठिकाण आयएफएससी संकेतांकाचे. त्यात अकरा चिन्हे असतात : पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे चिन्ह नेहमी शून्य, शेवटची सहा चिन्हे शाखेची. वरील संदेशात पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर आहे. ही चूक रचनेच्या ज्ञानावरून ओळखता येते. शाखेच्या सहा चिन्हांतील चूक मात्र अशी ओळखता येत नाही. तेथे शाखेचे नाव सोबत असणे उपयोगी पडते.

तिसरे ठिकाण नावाचे. ‘मंडळाचेच’ या शब्दाचा निर्देश लेखकाला ठाऊक असतो. रक्कम पाठवणाऱ्याला खातेपुस्तकावरील नाव हवे असते. एनईएफटी व आरटीजीएस या पद्धतींत रक्कम खाते क्रमांकाच्या आधारे जमा होते. त्यामुळे नाव बरोबर आणि क्रमांक चुकीचा असेल, तर रक्कम परक्या खात्यात जाऊ शकते, आणि ती परत मिळणे बहुधा त्या खातेदाराच्या संमतीवर अवलंबून राहते. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार एप्रिल २०२५ पासून या पद्धतींसाठी, पैसे पाठवण्यापूर्वी लाभार्थीचे नाव पाहण्याची सोय बँकांनी द्यावयाची आहे. संदेशात अचूक नाव असेल, तरच पडद्यावरील नावाशी ते ताडता येते.

आता सुधारित संदेश पाहा :

‘जाहिरात क्र. १४ ची रक्कम पुढील खात्यात जमा करावी, ही विनंती.
खातेदार (खातेपुस्तकाप्रमाणे) : GRANTH VACHAK MANDAL
खाते क्रमांक : 3014 0000 719 (एकूण अकरा अंक, भरताना मोकळी जागा सोडू नये)
खात्याचा प्रकार : बचत
आयएफएससी : ABCD0120051 (पाचवे, आठवे व नववे चिन्ह शून्य, ‘ओ’ हे अक्षर कोठेही नाही)
बँक व शाखा : (पूर्ण नावे)
रक्कम : ₹ १२,५०० (अक्षरी रुपये बारा हजार पाचशे फक्त)
संदर्भ : JAHIRAT14’

रक्कम अंकी व अक्षरी लिहिण्याची रीत धनादेशावरून आपल्या परिचयाची आहे. दोहोंत तफावत असल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य धरावी, असे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात सांगितले आहे. संदर्भात केवळ इंग्रजी अक्षरे व अंक वापरले आहेत. तिरकी रेघ वा अन्य चिन्हे काही प्रणाली स्वीकारीत नाहीत. हाच संदर्भ खाते-उताऱ्यात दिसला, म्हणजे रक्कम कोणत्या जाहिरातीची हे मंडळाला कळते.

मौखिक पडताळणी

दूरध्वनीवर क्रमांक सांगताना मराठी संख्यानामे टाळावीत. ‘पंचाहत्तर’ म्हणताना पाच आधी ऐकू येतो. ऐकता ऐकता लिहिणारा 57 लिहून जातो. ‘एकोणसत्तर’मध्ये तर सहा व नऊ दोन्ही ऐकू येत नाहीत. ‘सात, पाच’ असा एकेक अंक उच्चारावा आणि ऐकणाऱ्याकडून तो परत वदवून घ्यावा.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. सुस्पष्ट लेखन चुकीचे वाचन टाळते. संदेश खरा असल्याची ग्वाही ते देत नाही. खाते बदलल्याचा संदेश आल्यास, त्यात दिलेल्या नव्हे, तर आपल्याकडे पूर्वीपासून असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर खात्री करावी.

स्वाध्याय

वसतिगृहाची अनामत रक्कम मागवणारा संदेश लिहा. त्यातील प्रत्येक तपशिलाला कोणता दुसरा तपशील आधार देतो, ते समासात नोंदवा.