ताक पुरे की पुडी हवी?

प्रश्न : अँटिबायोटिकनंतर पोट बिघडलं. डॉक्टरांनी प्रोबायोटिकच्या पुड्या दिल्यात. त्याऐवजी घरचं ताक चालेल का?
– एक वाचक, सुलतानपूर (जि. बुलढाणा)

उत्तर : ताक जरूर प्या, पण ते पुडीची जागा घेत नाही. पुडीत ठरावीक जातीचे जीवाणू मोजून घातलेले असतात, विरजणात कोणते आणि किती, ते घरोघरी वेगळं.

हे जीवाणू मोठ्या आतड्यात कायमचे राहत नाहीत. असेपर्यंत ते अन्न आणि जागा अडवतात, आम्ल तयार करून उपद्रवी जंतूंची वाढ रोखतात. बायफिडोबॅक्टेरिया न पचलेल्या तंतूंपासून ॲसिटेट बनवतात. तेच खाऊन तिथले मूळ रहिवासी जीवाणू ब्युटिरेट तयार करतात. ब्युटिरेट हे आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन. ते जाळताना पेशी ऑक्सिजन वापरून टाकतात, म्हणून आतल्या पोकळीत तो जवळपास उरत नाही. अँटिबायोटिकने ही साखळी तुटली की ऑक्सिजन झिरपतो आणि साल्मोनेलासारख्यांचं फावतं.

म्हणजे नुसती पुडी घेऊन भागत नाही, जीवाणूंना खाद्यही लागतं. ज्वारीची शिळी भाकरी त्यासाठी उत्तम, कारण गार झाल्यावर तिच्यातला काही स्टार्च न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो. जुलाब थांबले की ती सुरू करा.

पुडी अँटिबायोटिकनंतर दोन तासांनी घ्या. शौचात रक्त किंवा ताप असेल, तर घरी थांबू नका.