वादळात फुटलेली बोट आणि विमा कंपनीला लिहायचे पत्र

ठाणे जिल्ह्यातल्या आपल्या वाचकांपैकी काहींची मासेमारीची बोट आहे, काहींचा भांडवलातला हिस्सा आहे, तर काहींचा लाकूड, दोरखंड किंवा जाळ्यांचा धंदा बोटवाल्यांच्या उधारीवर चालतो. बोट फुटली की या सर्वांचाच पैसा अडकतो. म्हणून या वेळच्या धड्यात नुकसानभरपाईचे पहिले पत्र कसे लिहावे, हे आम्ही सांगणार आहोत. विम्याच्या शरई बाजूबद्दल ज्याने त्याने उलेमांना विचारावे. बँकेच्या किंवा सोसायटीच्या कर्जापोटी ज्यांना पॉलिसी घ्यावी लागली आहे, त्यांच्यासाठी हा धडा आहे.

उदाहरणादाखल 17 मे 2021 चे तौक्ते चक्रीवादळ घेऊ. त्या दिवशी सोमवार होता आणि ईद होऊन तीनच दिवस झाले होते. वादळ मुंबईजवळच्या समुद्रातून गुजरातकडे गेले. कुलाब्यात वाऱ्याचा वेग ताशी 114 किलोमीटर नोंदला गेला. समजा, कल्याणच्या एका मालकाची लाकडी बोट उत्तनला नांगरलेली होती. इशारा मिळाल्यामुळे ती समुद्रात गेली नव्हती. वाऱ्याने नांगराचा दोर तुटला, बोट शेजारच्या बोटीवर आदळली, उजव्या बाजूच्या तीन फळ्या फुटल्या आणि एक वांक तडकला. बोटीवरची दोन डोल जाळी फाटली.

या मालकाला सर्वेक्षक लवकर का हवा? एक तर, सर्वेक्षकाने पाहण्याआधी फळ्या बदलल्या तर नुकसान वादळाचे की जुन्या कुजक्या लाकडाचे, हे सिद्ध करता येत नाही. दुसरे कारण समुद्राचे आहे. वादळ आले तेव्हा भांगाचे दिवस होते, म्हणजे भरती कमी चढत होती. बोटीचा तळ पाहायचा तर ती किनाऱ्यावर ओढून घ्यावी लागते, आणि त्यासाठी उधाणाची भरती हवी. ती 26 मे च्या पौर्णिमेला होती. ती चुकली तर पुढचे उधाण 10 जूनच्या अमावास्येला, म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर. मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै असते आणि दुरुस्ती याच दोन महिन्यांत उरकावी लागते. सर्वेक्षण लांबले तर 1 ऑगस्टला बोट किनाऱ्यावरच राहते आणि खलाशी दुसऱ्याकडे जातात.

"लवकर या" एवढेच लिहिले तर कार्यालयावर परिणाम होत नाही. तारीख आणि कारण लिहिले तर होतो. आमचा मसुदा असा:

दिनांक 18 मे 2021

प्रति, शाखाधिकारी, ……… विमा कंपनी, ठाणे

विषय: पॉलिसी क्रमांक ………, बोट ………, नोंदणी क्रमांक ………. 17 मे च्या चक्रीवादळातील नुकसानीची सूचना व तातडीच्या सर्वेक्षणाची विनंती.

महोदय,

वरील बोट 17 मे रोजी दुपारी उत्तन येथे नांगरलेली असताना वादळी वाऱ्याने नांगराचा दोर तुटून दुसऱ्या बोटीवर आदळली. बोटीवर माणसे नव्हती.

नुकसान असे: उजव्या बाजूच्या तीन फळ्या फुटल्या, एक वांक तडकला, बोटीत पाणी येत आहे. पठाणाला इजा झाली की नाही, हे बोट वर ओढल्यावरच कळेल. दोन डोल जाळी फाटली आहेत. सुताराचा प्राथमिक अंदाज बोटीचा 1,40,000 रुपये, जाळ्यांचा 55,000 रुपये. पक्का आकडा तळ पाहिल्यावर कळवू.

बोट उत्तन येथे आहे. माझा पत्ता कल्याणचा असला तरी पाहणी उत्तनला करावी. तिथे तांडेल हजर राहील, त्याचा फोन ………

पहिली पाहणी 21 मे पर्यंत व्हावी. 26 मे च्या उधाणात बोट वर ओढणार आहोत, म्हणून तळाची पाहणी 27 किंवा 28 मे रोजी व्हावी.

बोट बुडू नये म्हणून पाणी उपसत आहोत व फुटलेल्या जागी तात्पुरता पत्रा ठोकत आहोत. कायमची दुरुस्ती सुरू केलेली नाही. काढलेले लाकूड व फाटलेली जाळी राखून ठेवली आहेत.

सोबत: फोटो, नोंदणी व परवान्याची प्रत, सुताराचा अंदाज, जाळ्यांच्या खरेदीची बिले.

आपला,
(सही)

आता या पत्रातल्या तीन जागा नीट पाहा.

पहिली जागा पत्त्याची. पॉलिसीवर मालकाचा पत्ता कल्याणचा असतो आणि बोट असते उत्तनला. हे स्पष्ट लिहिले नाही तर सर्वेक्षक कल्याणला फोन करतो, मालक कामावर असतो आणि आठवडा वाया जातो.

दुसरी जागा तात्पुरत्या दुरुस्तीची. विमा आहे म्हणून बोट बुडू द्यायची, असे करता येत नाही. नुकसान वाढू न देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. पण पत्रा ठोकण्याआधी फुटलेल्या जागेचे फोटो घ्या आणि खर्चाची पावती ठेवा. सर्वेक्षक आलाच नाही तर लेखी कळवून मगच पुढची दुरुस्ती सुरू करा आणि जुनी फळी फेकू नका.

तिसरी जागा जाळ्यांची. बोटीच्या पॉलिसीत जाळी आपोआप येतातच असे नाही. पॉलिसीच्या तक्त्यात जाळ्यांची वेगळी रक्कम लिहिली आहे का, ते आधी वाचा. नसेल तर तो भाग नाकारला जाईल, हे धरून चाला. असेल तर फाटलेले जाळे तोलून वजन लिहा, कारण जाळे किलोने विकले जाते आणि बिलाशी मेळ वजनानेच बसतो. जाळ्यांचा आकडा बोटीच्या आकड्यात मिसळू नका. दोन जाळी फाटली असताना चार लिहिणे ही तर बेईमानी झालीच, शिवाय एक खोटे उघडे पडले की खऱ्या दाव्यावरचाही विश्वास उडतो.

पत्र हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व सही घ्या. 2021 मध्ये सूचना मिळाल्यापासून 72 तासांत सर्वेक्षक नेमण्याचा नियम होता. विमा नियामकाच्या जून 2024 च्या परिपत्रकाने ही मुदत 24 तासांवर आणली आणि सर्वेक्षकाने 15 दिवसांत अहवाल द्यावा असे ठरवले. मुदत मोजायची तर ती शिक्क्याच्या तारखेपासूनच मोजता येते. दाद मिळाली नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा आणि नियामकाच्या 155255 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. दोन्हीकडे पहिल्या पत्राची पोच मागतील.

मत्स्यव्यवसाय खात्याचा आणि तलाठ्याचा पंचनामा झाला म्हणजे काम झाले, असे समजू नका. तो सरकारी मदतीसाठी असतो आणि ती मदत थोडी असते. केंद्राच्या 2015 च्या निकषांत अंशतः मोडलेल्या नौकेच्या दुरुस्तीला 4,100 रुपये आणि जाळ्याच्या दुरुस्तीला 2,100 रुपये होते. पंचनाम्याची प्रत मात्र जरूर घ्या. नुकसान त्याच वादळात झाले, याचा तो उपयोगी पुरावा आहे. पत्र पाठवण्यासाठी त्या प्रतीची वाट पाहू नका. ती नंतर जोडता येते, पण पौर्णिमेचे उधाण थांबत नाही.